काकांच्या क्रियेसाठी तेरा दिवसांची रजा : साहेबांना किती सांगायचं आणि काम कसं सोपवायचं

प्रश्न : माझे मोठे काका १२ मेच्या पहाटे वारले. त्यांना मूलबाळ नाही, क्रिया मलाच करायची आहे. मी रत्नागिरीजवळ आंबा पल्पच्या फॅक्टरीत डिस्पॅच बघतो, सीझन ऐन भरात आहे. साहेब घाटावरचे, याच वर्षी आलेत. काल त्यांना "घरी अडचण आहे, आज येत नाही" एवढाच मेसेज केलाय. गावी सड्यावर गेलं तरच रेंज मिळते. काका कसे गेले ते ऑफिसात कोणाला कळायला नको आहे. आता काय सांगू? आणि तेरा दिवस मागू, की तीन मागून पुढे वाढवत जाऊ?

उत्तर :

तेरा दिवस एकदमच मागा आणि आजच मागा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण आता सड्यावर उभे असाल तर आधी साहेबांना फोन करा. दोन मिनिटांच्या वर बोलू नका. फोन ठेवलात की लगेच हा मेसेज पाठवा :

"नमस्कार सर. माझ्या मोठ्या काकांचं १२ मे रोजी पहाटे निधन झालं. त्यांना मूलबाळ नसल्याने क्रियाकर्म मला करायचं आहे. त्यासाठी १२ ते २४ मे रजा मंजूर करावी, ही विनंती. २५ मे रोजी सकाळच्या शिफ्टला हजर होईन. माझं काम या काळात (सहकाऱ्याचं नाव) बघतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. कामाची यादी आज रात्रीपर्यंत पाठवतो. गावी घरात रेंज नाही. २० तारखेपर्यंत रोज संध्याकाळी ६ वाजता मेसेज बघेन."

तारखा मी वारल्याचा दिवस पहिला धरून लिहिल्यात. म्हणजे दहावा २१ ला, बारावा २३ ला आणि तेरावा २४ ला येतो. काही घरांत दहनाच्या दिवसापासून मोजतात. दहन दुसऱ्या दिवशी झालं असेल तर सगळंच एका दिवसाने पुढे जातं, म्हणून मेसेज पाठवण्याआधी भटजींना एकदा विचारून घ्या. रजेची शेवटची तारीख नंतर बदलावी लागली की पहिल्या अर्जावरचा विश्वास जातो.

आता हे असं का, ते सांगतो. चिपळूण ते रत्नागिरी या पट्ट्यातल्या कारखान्यांत मी चोवीस वर्षं टाइम ऑफिस आणि पर्सोनेल सांभाळलं आहे. अशा मेसेजची दुसरी बाजू, म्हणजे तो मिळाल्यावर साहेबांच्या केबिनमध्ये काय बोललं जातं, ते मी बरंच ऐकलं आहे.

माझ्या मते तुमची खरी अडचण दुःख किती सांगायचं ही नाही. "काका" हा शब्द कंपनीच्या नियमात बसत नाही, ही आहे. बऱ्याच कंपन्यांत जवळच्या नातेवाईकाच्या निधनासाठी दोन-तीन किंवा पाच दिवस वेगळी रजा देतात. त्यांच्या यादीत आई-वडील, नवरा-बायको, मुलं आणि कधी भाऊ-बहीण असतात. चुलते सहसा नसतात. आपल्या कायद्यातही खासगी नोकरीसाठी शोकरजा अशी वेगळी तरतूद नाही. म्हणून निधनाची रजा मागितलीत की ऑफिस यादी उघडतं, काका त्यात सापडत नाहीत आणि साहेब म्हणतात, "काकाच ना? तीन दिवस घे." ते निर्दयी असतात असं नाही. त्यांच्यापुढे कागदच तसा असतो.

यावर दोन उपाय लोक करतात आणि दोन्ही मी वाईट रीतीने अंगाशी आलेले पाहिले आहेत. एक म्हणजे काकांऐवजी "वडील" लिहायचं. तुमच्या पीएफच्या आणि विम्याच्या फॉर्मवर घरच्यांची नावं आहेत. कोणीतरी चांगल्या भावनेने मदतीचा फॉर्म काढायला जातं आणि तिथे सगळं उघड होतं. दुसरा उपाय म्हणजे काकांनीच मला वाढवलं, शिकवलं, असं सगळं लिहून प्रेम सिद्ध करायचा प्रयत्न करायचा. ते शंभर टक्के खरं असेल, पण साहेबांना त्याचं काय करायचं हे कळत नाही. त्यांना रजा मंजूर करण्यासाठी एकच कारण हवं असतं आणि ते तुमच्याकडे आहे : क्रिया तुम्हाला करायची आहे. नात्यावर वाद घालता येतो. क्रियेला बसणारा माणूस दहाव्याला, बाराव्याला हजर हवा, यावर कोणी वाद घालत नाही. साहेब घाटावरचे असले तरी सुतक त्यांनाही कळतं. म्हणून मेसेजमध्ये नातं एका शब्दात आणि तुमची जबाबदारी एका वाक्यात लिहिली आहे.

आणि रजा मागताना शोकरजा न मागता आपली साठलेली हक्काची रजा मागा. कारखान्यात साधारण २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजा जमते, त्यामुळे नियमित कामगाराकडे दहा-बारा दिवस शिल्लक असण्याची बरीच शक्यता असते. वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा देणारा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा दुकानं आणि ऑफिसांसाठी आहे. कारखान्याला तो सरसकट लागू नाही, तेव्हा कुणी मित्राने त्याचा दाखला दिला तर त्यावर विसंबू नका. तुमची शिल्लक किती आणि मधली साप्ताहिक सुट्टी रजेत धरतात का, हे टाइम ऑफिसला फोन करून विचारा. शिल्लक कमी पडली तर उरलेले दिवस बिनपगारी, पण मंजूर रजा म्हणून मागा. या "मंजूर" शब्दाला फार महत्त्व आहे.

कारण बहुतेक कारखान्यांच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये सलग १० दिवसांपेक्षा जास्त विनापरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन धरलेलं असतं, आणि आपलं दिवसकार्य तेराव्याला संपतं. तीन दिवस मागून "पुढे बघू" म्हणणारा माणूस नेमका या हद्दीवर येऊन पोचतो, आणखी एक दिवस गेला की सापडलाच. पहिले तीन दिवस मंजूर, पुढचे दहा "फोनवर सांगितलं होतं", आणि मस्टरवर मात्र दहा लाल खुणा. माझ्या डोळ्यांसमोर एका ऑपरेटरला यावरून नोटीस गेली होती. आईच्या क्रियेसाठी तो गुहागरकडे गेला होता आणि रोज कोणा ना कोणा शिफ्टवाल्याला फोन करत होता. खोटं कोणीच बोलत नव्हतं, पण लिहिलेलं काहीच नव्हतं. नोटीस मागे घ्यायला मला तीन आठवडे लागले. त्या माणसाने तो कागद हातात घेऊन माझ्या टेबलापुढे उभं राहून फक्त एवढंच विचारलं, "साहेब, मी फोन केला नव्हता का?"

तुकड्या-तुकड्याने रजा वाढवण्याचं दुसरं नुकसान म्हणजे तुमच्या जागी पूर्ण वेळ माणूस लावला जात नाही. उद्या येईल, परवा येईल, या हिशेबाने काम साचतं आणि चौथ्या दिवशी पहिला तापलेला फोन तुम्हालाच येतो. तेरा दिवस ऐकून साहेब सुरुवातीला दचकतील, पण त्यांना नियोजन करता येईल. सीझनमध्ये अनिश्चित तीन दिवसांपेक्षा निश्चित तेरा दिवस सांभाळणं सोपं जातं.

आता काका कसे गेले, या प्रश्नाकडे येतो. हे कोणालाही सांगायला तुम्ही बांधील नाही. "निधन झालं" एवढं पुरतं. फोनवर साहेब विचारतीलच, बहुतेक काळजीने. तेव्हा "अचानक झालं सर, त्याबद्दल आत्ता बोलणं जड जातंय" म्हणा आणि लगेच कामाकडे वळा : "१४ तारखेच्या कंटेनरचं सांगतो." विषय बदलायला दुसरा विषय तयार असला की समोरचा माणूस पुन्हा मागे जात नाही. "हार्ट अटॅक आला" असं काहीतरी मात्र सांगू नका. गावची बातमी रत्नागिरीला पोचायला आपल्याकडे वेळ लागत नाही. कारखान्यात शेजारच्या वाडीतला एखादा माणूस असतोच. न सांगितलेल्या गोष्टीचा कोणी जाब विचारत नाही. खोटं सांगितलेल्या गोष्टीची मात्र कुजबुज होते.

पुरावा म्हणून मृत्यूचा दाखला मागतील ही भीती तुम्हाला असेल. मागू शकतात. पण दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच तसं आहे की मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना कारण उघड करायचं नाही. दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण असा मजकूर असतो. नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते, त्यामुळे दाखला तुमच्या हातात लगेच नसेल, आणि "हजर झाल्यावर जमा करतो" हे उत्तर पूर्णपणे रास्त आहे. हॉस्पिटलचे किंवा इतर कुठलेही कागद पाठवायची गरज नाही. त्यांवर नको ते सगळं लिहिलेलं असतं आणि व्हॉट्सअॅपवर गेलेला कागद परत येत नाही.

मी हे एवढं ठासून सांगतो याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझी आत्या गेली. तिच्या शेवटच्या महिन्यात घरात बरंच काही घडलं होतं. मी तेव्हाच्या साहेबांपुढे बसलो आणि सगळं बोलून मोकळा झालो. रजा लगेच मिळाली. परत आलो तेव्हा कँटीनमध्ये चहा देणाऱ्या मुलानेही मला विचारलं, "आत्येच्या जमिनीचं काय झालं?" साहेबांनी वाईट हेतूने सांगितलं नसेल, पण पुढचे कित्येक महिने मी कँटीनला जायचं टाळत होतो. माझ्या दुःखातली ती गोष्ट माझी राहिली नाही.

डिपार्टमेंटच्या ग्रुपवर स्वतः काही टाकू नका. साहेबांना किंवा ज्याच्यावर काम सोपवलंय त्याला सांगा की ग्रुपवर एवढंच लिही : "यांच्या काकांचं निधन झालं आहे, ते २४ मेपर्यंत रजेवर आहेत. डिस्पॅचसाठी माझ्याशी बोला, त्यांना फोन करू नये." आणि आपल्याकडे माणसं भेटायला गावी येतात, गाडी करून येतात. नको असेल तर त्यालाच आधी सांगून ठेवा : "घरी सध्या गर्दी आहे, मी आल्यावर भेटू." यात कोणाचा अपमान होत नाही.

आता काम सोपवण्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण सीझनमध्ये तुमची रजा खरी यावरच टिकणार आहे. लोक कामाची यादी म्हणून आपल्या सगळ्या कामांची जंत्री पाठवतात. ती कोणी वाचत नाही. साहेबांच्या डोक्यात दोनच प्रश्न असतात : या तेरा दिवसांत काय अडू शकतं, आणि अडलं तर निर्णय कोण घेणार. तेवढंच लिहा आणि एकाच माणसाचं नाव द्या. "स्टोअर आणि क्यूसी मिळून बघतील" म्हणजे कोणीच बघत नाही.

समजा तुमचे दोन कंटेनर आहेत, १४ ला एक आणि १९ ला एक, दोन्ही न्हावाशेवाला जाणारे. मी असतो तर असं लिहिलं असतं. पहिल्याचं इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट तयार आहे, कॉम्प्युटरवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आणि क्लिअरिंग एजंटला १२ तारखेपर्यंत काय काय पाठवून झालंय. राहिलंय फक्त भरणं, सील नंबर टिपणं आणि वजनाचा कागद देणं. सीलची पेटी कपाटात आहे, किल्ली कोणाकडे आहे. पोर्टच्या गेटवर कंटेनर किती तारखेला किती वाजेपर्यंत पोचायला हवा, हे मोठ्या अक्षरात. दुसऱ्या कंटेनरच्या डब्यांचा इन्क्युबेशनचा रिपोर्ट क्यूसीकडून यायचा आहे. इथे निर्णयाची हद्द लिहायची : "रिपोर्ट आल्याशिवाय माल भरायचा नाही. १७ तारखेपर्यंत आला नाही तर बुकिंग पुढे ढकलायचं का, ते सरांनी ठरवावं." या एका वाक्याने तुमच्या माणसाचं रक्षण होतं आणि १८ च्या रात्री तुम्हाला येणारा फोन वाचतो. नेहमीच्या लोकल गाड्यांचं "रोजच्याप्रमाणे" एवढंच पुरे.

एक गोष्ट मात्र आजच बघा, कारण ती हमखास विसरली जाते. ई-वे बिलाच्या लॉगिनचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? तुमच्या नंबरवर येत असेल तर १४ तारखेला गाडी भरून गेटवर उभी, ओटीपी तुमच्या फोनवर आणि तुम्ही घरात, जिथे रेंज नाही. अशी उभी राहिलेली गाडी मी पाहिली आहे. मे महिन्याच्या उन्हात ड्रायव्हर टायरच्या सावलीत बसून होता आणि आतून तिघे जण एकाच बंद फोनला रिंग करत होते. यावर "मी सड्यावर थांबतो" हा तोडगा नाही. अकाउंट्सवाल्यांना सांगून तुमच्या जागच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नंबरवर सब-युजर करून घ्या. कंपनीच्या मुख्य लॉगिनमधून ते होतं. पासवर्ड मेसेजवर पाठवू नका. बँक, शिपिंग लाइन, कुरियर, जिथे जिथे तुमचा नंबर अडकलाय तिथे हाच प्रश्न विचारा.

संध्याकाळी सहाची वेळ मी मेसेजमध्ये मुद्दाम घातली. ती द्यावी की नाही हे तुमच्या घरच्या रीतीवर आहे. क्रियेला बसलेल्या माणसाने घराबाहेर पडू नये असं काही घरांत पाळतात. तसं असेल तर ते वाक्य काढा आणि स्पष्ट लिहा की संपर्क होणार नाही. देणार असाल तर फक्त मेसेज बघायचं कबूल करा, फोन घ्यायचं नाही. आणि दहाव्यापासून तेराव्यापर्यंत काहीच देऊ नका, म्हणून तिथे २० तारीख लिहिली आहे. एकदा दिलेली वेळ पाळा. न पाळलेली सहाची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या फोनला आमंत्रण देते.

साहेब "तीन दिवसांनी ये, मग परत जा" म्हणाले तर काय? लगेच हो किंवा नाही म्हणू नका. "सर, दहाव्यापर्यंत मला घर सोडता येणार नाही. तोवर अडण्यासारखं काय आहे ते सांगा, त्याची सोय आत्ताच करून देतो," असं म्हणा. दहापैकी आठ वेळा त्यांच्या मनात एखादी ठरावीक भीती असते, एखादा कंटेनर किंवा एखादा ग्राहक, आणि तिची सोय झाली की रजेवरची हरकत संपते. सीझनमध्ये खरोखर दुसरा माणूसच नसेल तर मधल्या दिवसांत अर्धा तास फोनवरून मदत करायची तयारी दाखवा, पण प्रवास कबूल करू नका. राजापूर किंवा लांज्याकडचं गाव असेल तर येणं-जाणं आणि काम मिळून अख्खा दिवस मोडतो, आणि घरी काकू एकट्या असतात.

मंजुरी मेसेजवर आली की तिचा स्क्रीनशॉट ठेवा. "ओके, टेक केअर" एवढंच आलं तर टाइम ऑफिसला तो मेसेज पुढे पाठवून विचारा, "१२ ते २४ अशी नोंद झाली का?" तुम्ही कॉन्ट्रॅक्टरकडून लागलेले असाल तर हाच मेसेज कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरलाही जायला हवा, कारण तुमची हजेरी तो पाठवतो. कालचा "घरी अडचण आहे" हा मेसेज राहू द्या, डिलीट करू नका. १२ तारखेलाच कळवल्याचा तो पुरावा आहे.

२५ ला हजर झालात की आधी टाइम ऑफिसला जाऊन रजेच्या फॉर्मवर सही करा. दाखला मिळाला असेल तर तोही द्या. मग मेल उघडायच्या आधी तुमचं काम सांभाळलेल्या माणसाबरोबर अर्धा तास बसा. कुठली गाडी गेली, कुठली राहिली, कोणाला काय शब्द दिलाय, ते त्याच्या तोंडून ऐका आणि तेवढं झालं की ग्रुपवर त्यालाच लिहू द्या की डिस्पॅच आता पुन्हा तुमच्याकडे आहे.